अपडेट टाकलं आणि फोन मंदावला: मुद्दाम करतात, की नवं सॉफ्टवेअरच जड?

सावळागोंधळ
माझा अँड्रॉइड फोन तीनेक वर्षांचा आहे, 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज. अलीकडे मोठं व्हर्जन अपडेट आलं, टाकलं, आणि फोनची रयाच गेली. कॅमेरा उघडेपर्यंत फोटो काढायचा प्रसंग निघून जातो. ब्राउझरमधून मेसेज बघायला गेलो आणि परत आलो की पान पुन्हा पहिल्यापासून लोड. कीबोर्ड तर दोन अक्षरं मागेच. अपडेटच्या आदल्या दिवसापर्यंत हाच फोन ठणठणीत होता, आणि त्याच सुमाराला कंपनीने नवं मॉडेल बाजारात आणलं हा योगायोग मला काही पचत नाही.

तर प्रश्न सरळ आहे. जुने फोन अपडेटमधून मुद्दाम मंद केले जातात का, की नवं सॉफ्टवेअरच जुन्या हार्डवेअरला झेपत नाही? आणि माझ्या फोनचं दोन्हींपैकी नेमकं काय झालंय हे मला घरबसल्या कळू शकेल का? "सगळ्या कंपन्या चोर" एवढंच म्हणायचं असेल तर ते मीही म्हणतोच आहे, त्यापुढचं लिहा.

नाना_ठोके
यात चर्चा कसली करायची? ॲपलने 2017 साली स्वतः कबूल केलंय. फ्रान्सने अडीच कोटी युरो दंड ठोकला, अमेरिकेत 50 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली. जुने फोन मंद करून नवे खपवायचे, हे कोर्टात सिद्ध झालेलं आहे. विषय संपला.

टेस्टपॉइंट
नाना, आकडे बरोबर आहेत, पण त्यातून तुम्ही काढताय तो निष्कर्ष त्या निकालांत नाही. माझं कामच मोबाईलचे बोर्ड दुरुस्त करायचं आहे. त्या काळात असे आयफोन 6 आणि 6एस टेबलावर भरपूर यायचे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फोन मंद व्हायच्या आधीची तक्रार वेगळीच होती. फोन 30 टक्के बॅटरी असताना अचानक बंद पडायचे. चार्जरला लावले की पुन्हा सुरू, आणि टक्केही जवळपास तेवढेच. कारण असं की सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो. समजायला सोपे आकडे घेऊ. सेलचं व्होल्टेज 3.7 आहे आणि प्रोसेसरने क्षणभर अडीच अँपिअर ओढले. नव्या सेलचा रोध 0.1 ओहम धरला तर पाव व्होल्ट पडतो, 3.45 उरतात, फोनला पत्ताही लागत नाही. जुन्या सेलचा रोध, वर थंडी, म्हणून 0.3 धरा. आता पाऊण व्होल्ट पडला, उरले 2.95. साधारण 3 च्या खाली गेलं की पॉवर सांभाळणारी चिप फोन बंद करते. जुनं वायरिंग असलेल्या घरात मिक्सर लावला की दिवे मिणमिणतात, तोच प्रकार.

यावर ॲपलने जानेवारी 2017 च्या आयओएस 10.2.1 मध्ये उपाय टाकला. सेल थकलेला दिसला की प्रोसेसरचा वरचा वेगच कापायचा, म्हणजे तो अडीच अँपिअरचा झटका बसणारच नाही. फोन बंद पडणं थांबलं, पण मंद झाला. आणि हे मालकाला सांगितलंच नाही. फ्रान्सचा दंड या "सांगितलं नाही" वर आहे. फ्रान्समध्ये मुद्दाम आयुष्य कमी करण्याविरुद्ध 2015 पासून वेगळा कायदा आहे, पण 2020 चा तो दंड त्या कलमाखाली नाही. ग्राहकांपासून माहिती दडवली म्हणून आहे. आणि अमेरिकेतल्या तडजोडीत कंपनीने चूक मान्य केलेली नाही.

नाना_ठोके
म्हणजे मुद्दाम मंद केले हे तर खरंच ना? शब्दांचे खेळ कशाला?

टेस्टपॉइंट
मुद्दाम केले, शंभर टक्के. पण जुन्या *मॉडेलला* नाही, थकलेल्या *बॅटरीला*. फरक पुराव्यात दिसतो. डिसेंबर 2017 मध्ये एकाने आपल्या 6एसची नुसती बॅटरी बदलली. वेग मोजणाऱ्या गीकबेंच ॲपचा एका कोअरचा आकडा साधारण 1450 वरून 2500 च्या वर गेला. फोन तोच, आयओएस तेच. नवा फोन गळ्यात मारण्यासाठीच केलं असतं तर बॅटरी बदलून वेग परत आला नसता.

आणि दुसऱ्या बाजूनेही लिहून ठेवतो, नाहीतर मला कंपनीचा वकील म्हणाल. ज्याला हे माहीत नव्हतं त्याने बॅटरी न बदलता नवा फोनच घेतला. माझ्याकडे आलेल्या कितीतरी लोकांना "फोन म्हातारा झाला, आता नवा घ्या" हाच सल्ला इतरांकडून मिळालेला होता. कंपनीला हे कळत नव्हतं असं मी तरी मानणार नाही.

पिंपळपान
टेस्टपॉइंट, माझं अगदी हेच होतंय! पण आयफोन नाही, अँड्रॉइड आहे. 25 ते 30 टक्क्यांवर व्हिडिओ कॉल लावला की धप्पकन बंद. मंद मात्र अजिबात नाही, पळतोय मस्त. म्हणजे माझ्यात ते कापाकापीचं सॉफ्टवेअर नाही असं समजायचं का?

टेस्टपॉइंट
बहुधा तसंच. तुमच्या फोनने वेग राखला आणि बंद पडणं पत्करलं, त्या आयफोनांनी उलट केलं. बॅटरी बदला. आणि बदलेपर्यंत फोन तीसच्या खाली जाऊ देऊ नका, कारण सेल रिकामा होत जातो तसं त्याचं मूळचं व्होल्टेजही उतरत जातं.

शून्यमस्तक
मी ॲप्स लिहितो, त्यामुळे सावळागोंधळ यांच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल.

आधी गीकबेंचवाल्यांनी 2017 मध्ये काय केलं ते बघण्यासारखं आहे, कारण तीच पद्धत आपल्याला इथे हवी आहे. त्यांनी 6एसचे हजारो आकडे घेतले, आणि सरासरी न काढता कुठल्या आकड्याला किती फोन आहेत याचा आलेख काढला. आयओएस 10.2 वर एकच शिखर. 10.2.1 आणि 11.2 वर मोठ्या शिखराच्या डावीकडे, कमी आकड्यांवर, आणखी छोटी शिखरं उगवली. सॉफ्टवेअर नुसतं जड झालं असतं तर अख्खं शिखर थोडं डावीकडे सरकलं असतं. इथे काही फोन जागेवर आणि काही ठरावीक पायऱ्यांवर खाली, म्हणजे कोणीतरी वेगाच्या पायऱ्या आखून दिल्यात. गंमत म्हणजे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या एका बेंचमार्क कंपनीने आयफोनांच्या सरासऱ्या छापल्या होत्या. त्या जवळपास सपाट होत्या, आणि "मंद करतात ही अफवा" म्हणून लोकांनी त्या नाचवल्याही.

यातून घ्यायचं ते एवढंच की बेंचमार्क प्रोसेसरचा वेग मोजतो. तो कापला असेल तर आकडा पडतो. सॉफ्टवेअर जड झालं असेल तर आकडा बहुतेक तसाच राहतो, पण ॲप उघडायला वेळ लागतो आणि मागे ठेवलेली ॲप्स मरतात. तुमची ब्राउझरची तक्रार वाचून मला दुसरं वाटतंय. पान पुन्हा लोड होतं कारण रॅम पुरली नाही म्हणून सिस्टिमने ब्राउझर मारून टाकला. प्रोसेसर कापल्याने असं होत नाही.

हरिणी
मलाही पान पुन्हा पुन्हा लोड व्हायचा त्रास होता. राउटर बदलल्यावर बंद झाला. तुम्ही एकदा नेटचा स्पीड बघा ना. आणि अपडेट बंदच करून टाकलेलं बरं नाही का, सगळ्याच ॲप्सचं?

शून्यमस्तक
हरिणीताई, त्यांचं पान नेट नीट असतानाही नव्याने उघडतंय, नेट त्यात फारतर भर घालेल. आणि ॲप्सची अपडेट्स बंद करू नका. पैशांच्या व्यवहाराची ॲप्स जुन्या व्हर्जनवर चालणंच बंद करतात.

सावळागोंधळ, लॅपटॉपवर adb, म्हणजे लॅपटॉपवरून फोनला आज्ञा द्यायचं साधन, असेल तर फोन गार असताना हे दोन चालवा:

```
adb shell "cat /sys/devices/system/cpu/cpufreq/policy*/cpuinfo_max_freq"
adb shell "cat /sys/devices/system/cpu/cpufreq/policy*/scaling_max_freq"
```

पहिल्यात प्रोसेसरचा मूळ कमाल वेग येतो, दुसऱ्यात सध्या परवानगी असलेला. बऱ्याच फोनवर हे वाचता येतं, काहींवर परवानगी नाकारतात. दोन्ही कमांडचे आकडे सारखे आले तर वेगाला टोपी घातलेली नाही. फोन तापलेला असेल तर दुसरा आकडा कमी येणारच, ते मंद करणं नव्हे, तापमान सांभाळणं आहे. मग गीकबेंच चालवून तुमच्याच मॉडेलच्या इतरांच्या आकड्यांशी ताडून बघा. शेवटी ॲप उघडायचा वेळ:

```
adb shell am start -S -W com.android.settings/.Settings
```

यात `TotalTime` मिलिसेकंदांत येतो. `-S` मुळे ॲप आधी पूर्ण बंद होतं, म्हणजे कोरी सुरुवात मोजली जाते.

नाना_ठोके
आणि फोनने बेंचमार्क ॲप ओळखून त्याच्यापुरताच वेग दिला तर? 2022 मध्ये सॅमसंगने हेच केलं. गेम आणि बाकी ॲप्स मंद, बेंचमार्क सुसाट.

शून्यमस्तक
हा मुद्दा मात्र एक नंबर, आणि माझ्याकडे याला पूर्ण उत्तर नाही. त्यांची ती गेम सांभाळणारी सेवा ॲपचं नाव बघून वेग ठरवायची. कोरियातल्या एकाने ते फार छान उघडं पाडलं. बेंचमार्क ॲपचं अंतर्गत नाव बदलून एका लोकप्रिय गेमचं दिलं, आणि तोच फोन, तीच चाचणी, पण आकडा निम्म्याहून खाली. गीकबेंचने मग S10 पासून S22 पर्यंतच्या मालिका आपल्या यादीतून काढून टाकल्या. अर्थात त्यात कोरे करकरीत फोनही होते. म्हणजे उद्देश उष्णता आणि बॅटरीचा असावा, जुने फोन मारण्याचा नाही. पण "बेंचमार्क ठीक, म्हणजे सगळं ठीक" असं म्हणता येत नाही हे मान्य. म्हणूनच `am start` सांगितलं, ते खऱ्या ॲपवर चालतं.

सावळागोंधळ
केलं सगळं. दोन्ही कमांडचे आकडे तंतोतंत सारखे. गीकबेंच माझ्या मॉडेलच्या इतर लोकांच्या मधोमध. सेटिंग्ज उघडायला 2900 च्या आसपास. म्हणजे तीन सेकंद, नुसत्या सेटिंग्जला! आणि स्टोरेज बघितलं तर 64 पैकी जेमतेम दीड जीबी शिल्लक. पण ते अपडेटच्या आधीही फार वेगळं नव्हतं, म्हणून अजून माझं समाधान झालेलं नाही.

शून्यमस्तक
तीन सेकंद म्हणजे फारच झालं. एक विचारतो, विचित्र वाटेल. रात्री फोन चार्जिंगला लावून चालू ठेवता की बंद?

सावळागोंधळ
बंद करतो. झोप शांत लागते, आणि बंद असताना चार्ज केला की बॅटरीला बरं, असं ऐकलंय. का?

शून्यमस्तक
तिथेच गाठ आहे बहुतेक. अँड्रॉइड 7 पासून फोन ॲप्स टाकतानाच सगळी मशीन कोडमध्ये बदलत नाही. तुम्ही ॲपचे कुठले भाग वापरता ते बघून ठेवतो आणि तेवढेच भाग नंतर बदलून ठेवतो. मोठं अपडेट आलं की आधी बदलून ठेवलेलं बरंचसं निकामी होतं आणि ते पुन्हा करावं लागतं. हे काम फोन कधी करतो? चार्जिंगला लावलेला आणि कोणी हात लावत नसेल तेव्हा. म्हणजे बहुतेकांचं रात्री झोपेत होऊन जातं, म्हणून "दोन दिवस मंद होता, मग सुधारला" असं लोक सांगतात. तुमचा फोन त्या वेळी बंद. दिवसा चार्जिंगला असतो तेव्हा तुम्ही तो वापरत असणार. ते काम महिनाभर झालंच नसेल.

आणि एवढंच नाही. मोकळ्या झालेल्या जागांची यादी मेमरी चिपला कळवायचं काम, ट्रिम, तेही याच वेळी होतं. ते तुंबलं आणि वर स्टोरेज काठोकाठ भरलेलं असलं की लिहिताना चिपला आधी जागा साफ करत बसावं लागतं. ॲप उघडणं म्हणजे नुसतं वाचन नसतं, प्रत्येक ॲप सुरू होताना काही ना काही लिहितंच. दीड जीबी शिल्लक ही अपडेटआधीही अडचण होतीच. अपडेट स्वतःही थोडी जागा खाऊन बसलं असेल.

आधी 8-10 जीबी मोकळं करा. मग फोन चार्जरला लावून हे:

```
adb shell cmd package bg-dexopt-job
```

बराच वेळ चालेल, घाबरू नका. नंतर काही रात्री फोन चालू ठेवूनच चार्जिंगला लावा. आवाज बंद करता येतोच की.

चकवा_चांदणं
हे वाचून मला प्रश्न पडला. हे सगळं ठीक, पण ज्याच्याकडे लॅपटॉप नाही, adb म्हणजे काय ते माहीत नाही, त्याच्यासाठी अपडेटने फोन मंदच केला ना? "मुद्दाम" नसेल, पण 4 जीबीच्या फोनवर हे व्हर्जन कसं चालेल हे कंपनीला पाठवायच्या आधी दिसलंच असणार.

टेस्टपॉइंट
हाच मुद्दा इटलीत निकाली निघाला होता, 2018 मध्ये. ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो. सॅमसंगचं प्रकरण नोट 4 चं, आणि त्यात वेग कापणारा छुपा कोड वगैरे काही नव्हतं. नोट 7 साठी तयार केलेलं अँड्रॉइड 6 जुन्या नोट 4 च्या मालकांना पुन्हा पुन्हा सुचवलं, त्या हार्डवेअरवर ताण येईल हे सांगितलं नाही, आणि बिघडलेल्या फोनच्या दुरुस्तीला जबर पैसे मागितले. ग्राहकांच्या बाजूने बघणाऱ्या यंत्रणेने जड सॉफ्टवेअर गळ्यात मारण्यालाही अनुचित व्यवहार ठरवलं. म्हणजे चकवा_चांदणं म्हणतात तशी तिसरी वाट आहेच: कोणी मुद्दाम मंद करत नाही, पण मंद होईल हे माहीत असून पाठवतात आणि परत जायची वाट ठेवत नाहीत.

शून्यमस्तक
परत जायच्या वाटेबद्दल एक. जुन्या व्हर्जनमधली सुरक्षेची भोकं जगजाहीर झालेली असतात, म्हणून मागे जाणं बंद करायला खरं कारण आहे. पण नुसते सुरक्षा पॅच वेगळे आणि मोठं व्हर्जन वेगळं, अशी निवड जुन्या फोनला द्यायला काय हरकत आहे, याचं पटेल असं उत्तर मला कुठल्याच कंपनीकडून ऐकायला मिळालेलं नाही. आणि उलटं उदाहरणही आहे. आयओएस 12 जुन्या फोनवर 11 पेक्षा पळायचं, कारण त्यांनी तेच लक्ष्य ठेवलं होतं. बोटाचा स्पर्श झाला की प्रोसेसर लगेच वरच्या वेगाला न्यायचा आणि काम झालं की लगेच खाली आणायचा, असले बदल. म्हणजे नवं म्हणजे जडच, हा काही निसर्गनियम नाही. कोणी मनावर घेतलं तर होतं.

नाना_ठोके
मनावर कधी घेतलं? डिसेंबर 2017 ला बभ्रा झाल्यावर, पुढच्या सप्टेंबरला आयओएस 12. मार्चच्या 11.3 मध्ये बॅटरीची तब्येत दाखवायला लागले, वेगाची कापाकापी बंद करायची सोय दिली. चोर पकडल्याशिवाय सुधारत नाहीत एवढंच मी म्हणत होतो.

टेस्टपॉइंट
यावर नाना आपलं जमलं.

सावळागोंधळ
निकाल लिहितो. फोटो-व्हिडिओ हलवून साधारण 11 जीबी मोकळे केले. ती कमांड चालवली, फोन तापला, जेवण होईपर्यंत चालू होती. त्यानंतर फोन रात्री चालूच ठेवतोय. सेटिंग्ज आता 1100 च्या आसपास उघडतं, कॅमेरा जवळपास पहिल्यासारखा. कीबोर्डही बरा. ब्राउझरमधली पानं मात्र अजून पुन्हा लोड होतात, पूर्वीपेक्षा कमी, पण होतात.

म्हणजे माझ्यापुरतं, वेगाला टोपी घातली नव्हती हे मान्य. पण नवं मॉडेल आणि अपडेट एकाच सुमाराला, हे मला अजूनही खटकतं.

शून्यमस्तक
दोन्ही एकाच सुमाराला येतात कारण नवं व्हर्जन नव्या मॉडेलसाठीच तयार होतं आणि मग जुन्यांना दिलं जातं. इटलीच्या प्रकरणातही तेच. खटकायला हवंच, फक्त कट म्हणून नाही, कोणासाठी लिहिलंय यासाठी.

ब्राउझरचं ते रॅमचंच. नव्या व्हर्जनने सिस्टिमसाठीच जास्त जागा धरली, 4 जीबीतून उरलेली कमी पडते. कमी टॅब ठेवा, सतत मागे चालणारी दोन-चार ॲप्स काढा. त्यापलीकडे यावर इलाज नाही.

पिंपळपान
बॅटरी बदलली. कालपासून 12 टक्क्यांवरही व्हिडिओ कॉल चालला. टेस्टपॉइंट, धन्यवाद. पण मूळची मिळाली नाही, दुसऱ्या बनावटीची टाकली. काही महिन्यांनी तीही अशीच करेल का?

टेस्टपॉइंट
सेल कुठला आहे त्यावर आहे, बघून सांगता येत नाही. थंडीत तीस टक्क्यांच्या खाली व्हिडिओ कॉल लावून बघत राहा, सेल थकायला लागला की पहिल्यांदा तिथेच कळतं.